अक्षय्य तृतीयेची जाहिरात आणि पहलगामनंतरचा आठवडा

'मामा, आंब्याच्या पोस्ट पुढच्या आठवड्यासाठी लावून ठेवल्यात. पहलगामनंतर त्या जाऊ द्यायच्या का? घरात दोन तट पडलेत. तुमच्याकडे राणी गेली तेव्हा दुकानदारांनी काय केलं होतं?'

२४ एप्रिल २०२५ला, पहलगामच्या हल्ल्यानंतर दोन दिवसांनी, पुण्याहून भाचीचा हा निरोप आला. तिच्या सासरी हापूसचा व्यापार आहे, माल रत्नागिरीहून येतो आणि ऑनलाइन बुकिंगचं काम ती बघते. मी इंग्लंडमध्ये लेस्टरला राहतो आणि माझं पोट प्रसिद्धीच्या कामावरच चालतं. तिला फोनवर उत्तर दिलं होतंच. पण असे तट त्या वर्षी किती तरी मराठी घरांत आणि दुकानांत पडले, म्हणून ते इथे सविस्तर मांडतो.

तिच्या प्रश्नाचा शेवटचा भाग आधी घेतो, कारण 'परदेशात बघा कसं करतात' हे वाक्य अशा वादात हमखास येतं. एलिझाबेथ राणीचं निधन ८ सप्टेंबर २०२२ला झालं आणि १९ तारखेच्या अंत्यविधीपर्यंत राष्ट्रीय दुखवटा होता. सरकारच्या सूचनांत स्पष्ट लिहिलं होतं की दुकानं किंवा कार्यक्रम बंद ठेवण्याची सक्ती नाही, ज्याने त्याने ठरवावं. त्या मोकळीकीत लोक चाचपडले. सेंटर पार्क्स या सुट्टीच्या गावांच्या कंपनीने अंत्यविधीच्या दिवशी आपली गावं बंद ठेवायचं जाहीर केलं. म्हणजे आधीच मुक्कामाला असलेल्या कुटुंबांनी एका रात्रीसाठी बाहेर पडायचं. लोक इतके संतापले की निर्णय फिरवावा लागला. नॉर्विचमध्ये सायकली लावायचे स्टँड बंद केल्याची सूचना लागली, त्यावरही टीका झाली. मॉरिसन्स या सुपरमार्केटने गल्ल्यावरच्या यंत्रांचा आवाज कमी केला, तेव्हा काहींना ते सुजाण वाटलं आणि काहींना अनाठायी.

त्या दिवसांतलं मला जे पटलं ते एवढंच की लोकांना विक्रीचा राग आला नव्हता. दूध, ब्रेड, तिकिटं सगळं विकलं जात होतं. दुसऱ्याच्या मृत्यूचा आधार घेऊन कुणी आपलं नाव पुढे केलं, किंवा दुःख दाखवण्यासाठी गिऱ्हाइकाची गैरसोय केली, तिथे लोक बिथरले. हे मी भाचीला सांगितलं, पण त्याच दमात हेही सांगितलं की इथला नमुना जसाच्या तसा उचलू नकोस. राणी शहाण्णव वर्षांची होती आणि दुखवट्याला शेवटची तारीख होती. पहलगामला २२ एप्रिलला २६ माणसं गोळ्या घालून मारली गेली. त्यांतले सहा महाराष्ट्रातले होते, डोंबिवलीचे तीन, पुण्याचे दोन आणि पनवेलचे एक. तिचं बुकिंग नेमकं पुणे, ठाणे आणि मुंबई याच पट्ट्यातलं.

आता घरातले दोन तट. तिचे सासरे म्हणाले, 'आंबा दुखवटा पाळत नाही. अढीत घातलेला माल आठवड्यात तयार होतो, मग फेकून देऊ का?' त्यांचं निम्मं अगदी खरं आहे. हापूसचा मोसम मोजक्या आठवड्यांचा, आणि अक्षय्य तृतीया ३० एप्रिलला म्हणजे हल्ल्यानंतर आठव्या दिवशी. दीर मात्र तावातावाने सांगत होता की पंधरा दिवस सगळं बंद ठेवा, नाहीतर लोक आपल्याला देशाचं काही पडलेलं नाही म्हणतील. त्याला बाहेरच्या टीकेची धास्ती होती. ज्या घरांनी आगाऊ पैसे भरून पेट्या नोंदवल्या होत्या त्यांना मौनाने काय कळणार, हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं. २३ एप्रिलला हैदराबादला आयपीएलचा सामना झाला. खेळाडूंच्या दंडावर काळ्या फिती होत्या, सुरुवातीला मिनिटभर मौन पाळलं गेलं, चीअरलीडर्स नव्हत्या आणि आतषबाजीही नव्हती. खेळ झाला, जल्लोष काढून टाकला. दोन्ही तटांनी आपापल्या बाजूने हाच सामना पुढे केला, याची मला गंमत नाही, काळजी वाटते. कारण दोघेही चालू की बंद यावरच भांडत होते, आणि पोस्टमध्ये काय लिहिलंय हे कुणीही उघडून वाचलेलं नव्हतं.

आम्ही फोनवर ते एकेक उघडून वाचलं. २६ तारखेला एक रील जाणार होतं. ढोलताशा, पेट्या फोडताना नाचणारी पोरं, आणि खाली ओळ: 'यंदा काश्मीर राहू दे, आधी कोकणच्या राजाला भेटा!' ही ओळ मार्चअखेरीस सुट्ट्यांचा विचार करून लिहिलेली. तेव्हा ती निरागस होती. २२ एप्रिलनंतर ती डोंबिवलीतल्या एखाद्या घरात कशी वाचली जाईल हे सांगायला नको. अशा प्रसंगी मजकूर ओळीओळीने आणि मोठ्याने वाचावा, तो याचसाठी. गावांची नावं, प्रवास, सुट्टी, गोळी, धमाका, स्फोट, जीव टाकणं असे शब्द आपल्या जाहिरातींत इतके मुरलेत की डोळा त्यांच्यावरून घसरतो. मनातल्या मनात वाचताना ते सुटतात, कानावर पडले की टोचतात.

यानंतर तिला वाटलं की मेटाच्या प्लॅनरमधलं सगळं थांबवलं म्हणजे काम झालं. तसं नसतं. प्लॅनर म्हणजे पेजवरच्या पोस्ट आणि स्टोऱ्या आधीच वेळ लावून ठेवायची जागा. तिने आठवडाभर आधी एक पोस्ट पैसे भरून बूस्ट केली होती. ती जाहिरात म्हणून ठाणे आणि डोंबिवलीतल्या लोकांच्या फोनवर त्या क्षणीही चालू होती, आणि ती बंद करायची जागा वेगळी, ॲड्स मॅनेजर. एका खाद्यपदार्थांच्या ब्लॉगवालीला पैसे देऊन करून घेतलेलं रील त्या बाईंच्या खात्यावरून जाणार होतं, म्हणून त्यांना फोन करावा लागला. व्हॉट्सॲपवर कुणीही निरोप पाठवला की आपोआप जाणारं उत्तर होतं: 'आंब्याच्या जत्रेत स्वागत!' हे उत्तर कुणाच्याच यादीत नव्हतं. जाहिराती सांभाळणाऱ्या पोराने कुरकुर केली की आठवडाभर थांबवली तर जाहिरातीचा जम पुन्हा पहिल्यापासून बसवावा लागेल. त्यात तथ्य आहे, थोडं नुकसान होतंच. ते सोसावं, असं माझं मत.

आणखी एक गोष्ट आमच्या ऑफिसातल्या डिजिटलच्या प्रमुख बाईंकडून शिकलेली. त्यांनी या क्षेत्रात माझ्यापेक्षा कितीतरी अधिक पाहिलं आहे. त्या सांगतात की पोस्ट पुढच्या तारखेला ढकलू नका, ड्राफ्टमध्ये काढून ठेवा. २०२२मध्ये त्यांच्या ओळखीच्या एका संस्थेने सगळ्या पोस्ट दहा दिवस पुढे सरकवल्या आणि नेमक्या अंत्यविधीच्या सकाळी त्या एकामागून एक बाहेर पडल्या. ढकललेली पोस्ट ठरल्या वेळी सुटतेच, ड्राफ्टमधली कुणीतरी हाताने सोडल्याशिवाय जात नाही.

मग काय जाऊ द्यायचं? इथे मला सासरेबुवांच्या बाजूने बोलावंसं वाटतं, पण त्यांनी दिलेल्या कारणासाठी नाही. आपल्याकडे अक्षय्य तृतीया हा पितरांचाही दिवस आहे. खानदेशातली आखाजी असो की आमच्या घरातला पाण्याने भरलेला करा, पितरांना आंब्याचा नैवेद्य दाखवल्याशिवाय आंबा तोंडाला न लावणारी कितीतरी घरं आहेत. सोनं आणि सवलतींच्या जाहिरातींनी हा भाग झाकून टाकला. या दिवशी आंबा मागणारा माणूस जत्रेसाठी मागत नाही, बऱ्याचदा तो गेलेल्या आईवडिलांसाठी मागत असतो. त्या वर्षी तर सहा घरांत तेरावाही व्हायचा होता. तेव्हा त्या दिवसाची पोस्ट शांत असणं हे बाहेरच्या दुःखासाठी ओढूनताणून केलेलं नव्हतं, तो त्या दिवसाचाच स्वभाव आहे.

भाचीने लिहिलेला मजकूर असा होता: 'अक्षय्य तृतीयेच्या नैवेद्यासाठी नोंदवलेल्या पेट्या २८ आणि २९ एप्रिलला घरपोच येतील. वेळ बदलायची असल्यास या क्रमांकावर कळवा.' सोबत पेटीचा साधा फोटो, संगीत नाही, सवलतीचा आकडा नाही. तिला वर मेणबत्ती आणि दुकानाचं बोधचिन्ह असलेलं श्रद्धांजलीचं चित्र टाकायचं होतं. मी नको म्हणालो. ज्या चित्रावर आपला फोन नंबर असतो ते चित्र श्रद्धांजली राहत नाही. दीराला हे अजून पटलेलं नाही. त्याच्या मते आजूबाजूच्या सगळ्या दुकानांनी टाकलं आणि आपण गप्प राहिलो, तर वाईट दिसतं. त्याची बाजू मी पूर्ण खोडू शकत नाही. त्यांच्या गल्लीत मी राहत नाही.

इथल्या आमच्या मंडळाच्या कार्यवाहांना हे सगळं सांगितलं तर ते थेट २०२२च्या विसर्जनावर गेले. त्या वर्षी अनंत चतुर्दशी ९ सप्टेंबरला, म्हणजे राणीच्या निधनानंतर दुसऱ्याच दिवशी होती. आम्ही आरती केली, ढोल वाजवले नाहीत आणि मिरवणुकीची आधी लावलेली पोस्ट काढून घेतली. 'देवाला निरोप द्यायचा होता, जाहिरात नव्हती ती,' असं ते आजही रागाने म्हणतात. भाचीचा प्रश्न ढोलांचा नव्हता, हे मी त्यांना समजावू शकलो नाही. पण एक त्यांचं बरोबर आहे. श्रद्धेचा विधी आणि विक्रीचा मजकूर एकाच मापाने मोजू नये.

पेट्या वेळेवर पोचल्या. त्या पोस्टखाली लोकांनी वेळा विचारल्या, पत्ते दिले, एका बाईंनी यंदा आईचं पहिलंच वर्ष असल्याचं लिहिलं. टीका आली नाही. विक्री कमी झाली का, हे मात्र सांगता येत नाही, कारण त्याच्या आदल्या वर्षीचा बाजारभावच वेगळा होता.

खरी अडचण पुढे आली. रंगीत पोस्ट पुन्हा कधी सुरू करायच्या यासाठी घरात ७ मे ही तारीख ठरली, तेरावा होऊन गेल्यावरची. त्याच पहाटे ऑपरेशन सिंदूरची बातमी आली, आणि ९ मेला आयपीएलही आठवड्यासाठी थांबवलं गेलं. सरकारी दुखवट्याला तारीख असते. डॉ. मनमोहन सिंग गेले तेव्हा तो २६ डिसेंबरपासून १ जानेवारीपर्यंत होता आणि नववर्षाच्या जाहिराती करणाऱ्यांना निदान ते माहीत तरी होतं. हल्ल्याला, दरडीला, चेंगराचेंगरीला अशी तारीख कुणी देत नाही. म्हणून भाचीने आता आपोआप जाणारी पोस्ट मोसमभरासाठी बंदच केली आहे. रोज सकाळी नऊला ती बातम्या वाचते, त्या दिवसाचा ड्राफ्ट मोठ्याने वाचते आणि मग स्वतः बटण दाबते. सासऱ्यांना हा व्याप वाटतो. रविवारी आणि ती माहेरी आली असताना हे कुणी करायचं, यावर त्यांच्याकडे अजून बोलणी चालू आहेत.