उभी शीर्षकं: नावं बरोबर, आकडे भलतीकडे

प्रतिक्रिया: "पावसाच्या तक्त्याचा फोटो Tesseract ने वाचायचा, तर उभ्या शीर्षकांची पट्टी कापून ९० अंशात फिरवा, असं तुम्ही लिहिलंत. तसं केलं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या बाराही तालुक्यांची नावं नीट वाचली गेली, पण शिरोळला आजऱ्याचा पाऊस आणि करवीरला गगनबावड्याचा! असला अर्धवट सल्ला देऊ नये."

उत्तर: सल्ला खरंच अपुरा होता. कोणत्या बाजूला फिरवायचं आणि त्याने नावांच्या क्रमाचं काय होतं, हे लेखात यायला हवं होतं.

तुमच्याच उदाहरणात चूक सापडते. नेहमीच्या यादीत शिरोळ २रा आणि आजरा ११वा, गगनबावडा ६वा आणि करवीर ७वा. दोन्ही जोड्यांची बेरीज १३, म्हणजे सगळी यादी उलटी झाली आहे. एकच रकाना सरकला असता, तर शिरोळला हातकणंगले किंवा पन्हाळ्याचा आकडा आला असता.

असं होण्याचं कारण शिरोरेषेत दिसतं. उभ्या शब्दाची शिरोरेषा डावीकडे असेल, तर तो खालून वर लिहिलेला असतो. पट्टी घड्याळाच्या दिशेने फिरवली की डावा रकाना वरची ओळ होतो आणि क्रम टिकतो. तुमच्या तक्त्यात ती उजवीकडे असणार. अक्षरं सरळ करायला पट्टी उलट दिशेने फिरवावी लागते, आणि मग डावा रकाना सगळ्यात खाली जातो. वाचन वरून खाली होतं, म्हणून पहिलं नाव चंदगड येतं.

यादी उलटी करून तुमचं काम भागेल, पण मी तसं करणार नाही. 'गडहिंग्लज' दोन ओळींत मोडलं की १२ नावांच्या १३ ओळी होतात आणि पुढचं सगळं घसरतं. म्हणून ओळी मोजू नका, जागा धरा. आधी तक्त्याचे चार कोपरे धरून फोटो सरळ करा. मग उभ्या रेघांमधला प्रत्येक शीर्षकाचा चौकोन वेगळा कापा. रेघा चौकोनात घेऊ नका, भोवती थोडी पांढरी जागा ठेवा, आणि एकेक वाचा:

```
cell = cv2.rotate(cell, cv2.ROTATE_90_COUNTERCLOCKWISE)
cv2.imwrite("h06.png", cell)
```

```
tesseract h06.png stdout -l mar --psm 6
```

`h06` म्हणजे डावीकडून सहावा तालुका. हा क्रमांक कापतानाच दिलेला असल्याने फिरवण्याने बदलत नाही.

आकड्यांनाही हाच नियम लावा. पाऊस नसलेला चौकोन कोरा असला, तर वाचलेल्या ओळीत १२ऐवजी ११च आकडे येतात आणि डावीकडून भरत गेलं की उरलेले सगळे एक घर आधी बसतात. म्हणून `tsv` स्वरूपात निकाल घ्या, प्रत्येक आकड्याचा मध्य `left + width/2` काढा, आणि तो ज्या दोन रेघांमध्ये पडतो त्या तालुक्याला द्या. कागद वाकलेला असेल, तर रेघ खाली येईपर्यंत शेजारच्या रकान्यात शिरू शकते. तिथे तक्ता आडव्या पट्ट्यांत तोडून प्रत्येक पट्टीत रेघा नव्याने शोधा.

ताळा करायला पावसाळ्यातल्या आठवड्याभराच्या ओळी घ्या. गगनबावड्याची बेरीज शिरोळपेक्षा बरीच जास्त यायला हवी. पण शेजारच्या दोन तालुक्यांची अदलाबदल या ताळ्यात दिसत नाही. त्यासाठी आजरा आणि चंदगडचा एकेक आकडा मूळ फोटोवर बोट ठेवून जुळवा.