फोटोत लेबल दिसते, परवानगी दिसत नाही

आज दुपारी आमच्या इमारतीतल्या एक वहिनी शर्टाची पिशवी घेऊन माझ्याकडे आल्या आणि खुर्चीत टेकण्याआधीच रडू लागल्या. भांडुपला राहत्या घरातून त्या एक्स्पोर्ट सरप्लसचे शर्ट विकतात. एका गिऱ्हाइकाने त्यांच्याकडून नेलेल्या शर्टाचे फोटो काढले, खिशावरच्या चौकड्या अंगाच्या चौकड्यांशी जुळत नाहीत आणि मानेजवळचे लेबल ब्लेडने चिरलेले आहे म्हणून त्यावर लाल गोल काढले, आणि सोसायटीच्या ग्रुपवर ‘नकली माल विकणारी बाई’ असे लिहून पाठवले. शेजारी ‘असली असा असतो’ म्हणून स्वतःच्या दुसऱ्या शर्टाचा फोटोही जोडला. संध्याकाळपर्यंत चाळीस जणांनी माना डोलावल्या होत्या.

मी अंधेरीच्या एमआयडीसीतल्या एका गारमेंट युनिटमध्ये अकरा वर्षे चेकिंगच्या टेबलावर उभी राहिले आहे. त्या अकरा वर्षांतली एक ऑर्डर मला आजही नगानगासह आठवते, कारण एकाच लेबलाचे तीन प्रकारचे शर्ट मी त्या ऑर्डरीत पाहिले.

निळ्या-पांढऱ्या चौकडीच्या ६,००० शर्टांची ती परदेशी ऑर्डर होती. शिलाईत काही नग बिघडणारच हे धरून कटिंग मास्तरांनी तीन टक्के जास्त, म्हणजे ६,१८० शर्टांचे कापड कापले. वीस शर्ट वाटेतच वाया गेले आणि ६,१६० तयार होऊन टेबलावर आले. त्यातले १०० आम्ही सेकंडमध्ये काढले. चांगले निघाले ६,०६०. ऑर्डरीपेक्षा थोडे जास्त नग उचलणारे खरेदीदार असतात, पण याने मोजून ६,००० उचलले. म्हणजे आमच्याकडे साठ शर्ट असे राहिले, जे पेटीत गेलेल्या शर्टांचे सख्खे भाऊ होते: तेच कापड, तीच मशीन, तेच कारागीर, तेच लेबल. याला ओव्हररन म्हणतात. त्याखेरीज शंभर सेकंड उरले, तेही त्याच घरातले, फक्त व्यंग असलेले.

आता ते व्यंग कसले, हे समजून घ्या. काहींच्या खिशाची चौकडी पाव इंच सरकली होती, काहींवर तेलाचा डाग होता, आणि सर्वांत जास्त नग शेडचे होते, म्हणजे बाही एका थानातली आणि अंग दुसऱ्या थानातले. ट्यूबलाइटखाली दोन्ही एकसारखे दिसत आणि खिडकीच्या उन्हात बाही हिरवट दिसे. त्यासाठीच तर आमच्याकडे वेगवेगळ्या प्रकाशांचा लाइट बॉक्स होता. मोबाइलचा कॅमेरा रंग आपोआप सावरून घेतो, त्यामुळे ज्या दोषासाठी आम्ही शर्ट बाजूला काढला, तो फोटोत बहुधा उतरतच नाही.

तिसरा प्रकार मात्र आठवला की अजूनही जीव जळतो. त्या ऑर्डरीची ६,३०० लेबले आली होती आणि ६,१६० वापरली गेली. उरलेली १४० मोजून, सही घेऊन नष्ट करायची असतात. ती झाली नाहीत. काही महिन्यांनी ओळखीच्या एका व्यापाऱ्याकडे त्याच चौकडीचा शर्ट मला दिसला. मानेजवळ आमचेच लेबल होते, पण कापड पातळ होते आणि कॉलर हातात धरताच आतले फ्यूजिंग, म्हणजे कॉलर ताठ राहावी म्हणून आत चिकटवलेले अस्तर, हलके असल्याचे कळले. तो शर्ट आमच्या युनिटमध्ये शिवला गेलाच नव्हता. त्यावरची एकच गोष्ट खरी होती, लेबल, आणि फोटोत लोक नेमके तेच मोठे करून पाहतात.

आता हे तिन्ही शर्ट शेजारी ठेवून फोटो काढा. ओव्हररन निर्दोष दिसेल. नकली शर्टही निर्दोष दिसेल, कारण तो मुळात दिसण्यासाठीच शिवलेला असतो. सेकंड मात्र वाकडा दिसेल आणि त्याचे लेबल चिरलेले असेल, कारण ब्रँडच्या नावाने तो पूर्ण किमतीत पुन्हा विकला जाऊ नये म्हणून कारखान्यातच ते चिरतात. म्हणजे चिरलेले लेबल हे पुष्कळदा प्रामाणिकपणाचे चिन्ह असते, आणि आमच्या ग्रुपवर त्यालाच चोरीचा पुरावा ठरवले गेले. ‘वाकडी शिलाई म्हणजे नकली’ हे म्हणणाऱ्यांना एवढेच सांगते की त्या ६,००० नगांच्या तपासणीला आलेल्या इन्स्पेक्टरने २०० शर्ट उघडले होते, आणि नमुना-तपासणीच्या तक्त्यातल्या नेहमीच्या २.५ या पातळीनुसार त्यात दहापर्यंत मोठे दोष निघाले असते तरी तो माल पास झाला असता. वाकडा खिसा शोरूममध्येही पोहोचतो.

आतल्या शिवणीतल्या धुलाईच्या लेबलावरचा स्टाइल नंबर जुळवून पाहणारेही पुष्कळ आहेत. आमच्या प्रत्येक शर्टावर एकच स्टाइल नंबर होता, चांगल्यावर, सेकंडवर आणि त्या चोरट्या शर्टावरही. जुळला म्हणून काय कळले?

ब्रँडच्या नावाचे स्पेलिंगच चुकले असेल तर ते फोटोवरूनही कळते, हे मला मान्य आहे. आणि ज्याने नाव कमावले त्याला आपले सेकंड रस्त्यावर विकले गेलेले नको असतात, त्याचेही म्हणणे चूक नाही.

पण माझा मुद्दा याहून पुढचा आहे, आणि तो लिहिताना माझा दुपारचा राग थोडा खाली बसला आहे, कारण यात त्या गिऱ्हाइकाची एकट्याची चूक नाही. समजा, उरलेल्या चांगल्या कापडातून, त्याच मशीनवर, त्याच कारागिरांनी रात्री थांबून आणखी पन्नास शर्ट शिवले आणि त्यांना ती उरलेली लेबले लावली. खरेदीदाराने ते मागितलेले नाहीत, म्हणून ते नकली. आणि त्याने ‘विका’ असे लिहून दिलेले साठ ओव्हररन मात्र सरळमार्गी. या दोघांना हातात घेऊन, धुऊन, तोलून, उसवून पाहिले तरी मलासुद्धा फरक सांगता येणार नाही, कारण तो फरक कापडात नाहीच. तो खरेदीदाराच्या पत्रात, लेबलांच्या हिशोबात आणि माल बाहेर पडतानाच्या चलनात आहे. कागदावरची ही गोष्ट शर्टाच्या फोटोत कुठून येणार?

वहिनींचा शर्ट मी गॅलरीत उन्हात धरला. डावी बाही किंचित हिरवट आहे. तो सेकंड असावा असे मला वाटते, पण शपथेवर सांगणार नाही. त्यांच्या व्यापाऱ्याकडे चलन मागायला सोमवारी मी स्वतः त्यांच्याबरोबर जाणार आहे. तो देणार नसेल तर त्याच्याकडून माल घेऊ नका, हेही मी त्यांना सांगितले आहे, आणि ते ऐकताना त्यांचा चेहरा उतरला, कारण महिन्याचा खर्च त्याच मालावर निघतो.

त्या गिऱ्हाइकाला एक विनंती आहे. तुम्ही ‘असली’ म्हणून जोडलेला शर्ट आणि वहिनींचा शर्ट, दोन्ही दोन-तीन वेळा धुवा, दोरीवर वाळवा आणि कॉलरवरून बोट फिरवा. ज्याच्या कॉलरवर फोड आले असतील त्याचे फ्यूजिंग हलके आहे किंवा नीट चिकटलेले नाही. त्यावरून तो नकलीच आहे असेही मी म्हणणार नाही. मात्र वहिनींविषयी जे लिहिले आहे, ते तोपर्यंत ग्रुपवरून काढून टाका.