सरासरीपेक्षा जास्त पाय असलेल्यांसाठी काही सूचना

सगळ्यात आधी आपले पाय मोजा. दोन भरले? मग अभिनंदन, तुमचे पाय सरासरीपेक्षा जास्त आहेत. पेढे वाटायला हरकत नाही.

ही थट्टा नव्हे, सरळ गणित आहे. आमच्या वस्तीत हजार माणसं आहेत असं धरू. नऊशे नव्व्याण्णवांना दोन पाय, आणि आमच्या आबांना एक. एकूण पाय 1,999, माणसं 1,000, म्हणजे सरासरी 1.999. दोन पायांचा प्रत्येक जण 0.001 नं वर, आबा 0.999 नं खाली. 999 जणांचं इवलं इवलं ‘वर’ एकत्र केलं की बरोबर आबांच्या एकट्याच्या ‘खाली’ इतकं होतं. सरासरी तराजूसारखी असते. दोन्ही बाजूंना किती माणसं बसलीत याच्याशी तिला काही घेणं नाही, ती फक्त वजन सारखं करते. तिसरा पाय कुणाला फुटत नाही आणि कमी पाय मात्र काहींना असतात, म्हणून ती दोनच्या किंचित खाली घसरते. आबा स्वतःच कुबडी टेकत म्हणतात, “माझ्यामुळे तुम्ही सगळे सरासरीच्या वर आहात, चहा पाजा!” (फक्त सगळेच्या सगळे वर जाऊ शकत नाहीत. निदान एक आबा लागतोच.)

आता हे ज्ञान गणपतीच्या वर्गणीत कसं वापरायचं, ते सांगतो. आमच्या कॉलनीच्या खजिनदारांनी परवा ते वापरून दाखवलं.

सूचना पहिली: यादीत एक बिल्डर असू द्या.

इंदूरमधल्या आमच्या कॉलनीत 41 घरं. त्यांतल्या 10 घरांनी 251 दिले, 18 घरांनी 501, 9 घरांनी 1,101 आणि 3 घरांनी 1,501. चाळीस घरांचे मिळून 25,940 झाले. मग कोपऱ्यावरच्या प्लॉटवाल्या बिल्डरसाहेबांनी 51,000 चा चेक दिला. देवाला दिला, चांगलंच केलं. एकूण 76,940, भागिले 41, सरासरी 1,877.

त्या रात्री व्हॉट्सॲपवर मेसेज आला. ‘सर्व सन्माननीय सदस्यांना सूचित करण्यात येते की या वर्षी सरासरी वर्गणी रु. 1,877 आहे. सरासरीपेक्षा कमी देणाऱ्यांनी आत्मपरीक्षण करावे.’ सोबत यादी. कमीवाल्यांची नावं लाल, जास्तवाल्यांची हिरवी. लाल नावं चाळीस, हिरवं एक. माझे 501 लाल. तीन वर्षांपूर्वीपर्यंत आरतीची ताटं मीच घासायचो, तेव्हा कुणी सरासरी काढली नव्हती.

सकाळी पोहे-जिलेबीच्या गाडीवर मी खजिनदारांना गाठलं. प्लेट हातात, वरून सेव घातलेली, मुद्दा थंड व्हायला नको म्हणून लगेच विचारलं, “अहो, एक्केचाळीसपैकी चाळीस जण सरासरीच्या खाली कसे?”

“काका, एक्सेलनं काढलंय, मी नाही,” ते म्हणाले.

एक्सेलनं बरोबरच काढलं हो! बिल्डर सरासरीच्या 49,123 नं वर आहे, आणि आम्हा चाळीस जणांची कमतरता जोडली तर तीही तेवढीच भरते. आबांचं उदाहरण उलटं करून ठेवलंय, बस. तिथं एका पायाच्या माणसानं सरासरी खाली ओढली आणि जवळजवळ सगळे वर गेले. इथं एका चेकनं ती वर ओढली आणि जवळजवळ सगळे खाली गेले. लांब शेपूट ज्या बाजूला, सरासरी त्या बाजूला सरकते. खालच्यांनी काही पाप केलेलं नसतं.

बरं, बिल्डरनं 51,000 ऐवजी 5,01,000 दिले असते तर? सरासरी 12,852. एका रात्रीत आम्ही सगळे आणखी कंजूस ठरलो असतो, आणि तेही आमच्या खिशातला एक रुपया इकडचा तिकडे न होता! आणि बिल्डर आलाच नसता तर सरासरी 648.50. म्हणजे एक माणूस आला-गेला तर आकडा जवळजवळ तिप्पट होतो किंवा पडतो, आणि त्या आकड्यावरून चाळीस घरांचं चारित्र्य ठरतं. वा रे भिया!

सूचना दुसरी: आकडे चढत्या क्रमानं कधीही लावू नका.

लावले तर मधला, म्हणजे एकविसावा आकडा दिसेल आणि सगळा घोळ होईल. तो 501 आहे. याला मराठी शाळेत मध्यक म्हणतात, आमच्या इथल्या हिंदी पुस्तकांत माध्यिका. बिल्डरनं 51,000 द्यावेत, पाच लाख द्यावेत की गावाला निघून जावं, मध्यक 501 च. पायांचा मध्यक 2, तोही आबांमुळे हलत नाही.

सूचना तिसरी: किती जण खाली आहेत ते मोजू नका. (निम्म्यापेक्षा फारच वेगळे निघाले तर लोकांना संशय येतो.)

सूचना चौथी: यादीशेजारच्या रिकाम्या रकान्यात हे चुकूनही टाइप करू नका.

```
=AVERAGE(C2:C42)
=MEDIAN(C2:C42)
```

दोन उत्तरं साधारण 1,877 आणि 501 अशी निघतील, आणि त्यांच्यातलं अंतर बघून शाळकरी पोरगंही विचारेल की काका, यात मोठा मासा कोण?

आता खजिनदारांची बाजूही सांगायला हवी. मंडपवाल्याचं बिल मध्यकानं भागत नाही. 501 गुणिले 41 केलं तर 20,541 होतात, आणि हातात आहेत 76,940. एकूण पैसा हवा असेल तर सरासरीच लागते, कारण सरासरी गुणिले घरं म्हणजेच एकूण. पण “साधारण घर किती देतं” हा वेगळा प्रश्न आहे, आणि त्याला उत्तर 501. 1907 मध्ये फ्रान्सिस गाल्टन या इंग्लिश संख्याशास्त्रज्ञानं ‘नेचर’ साप्ताहिकात हेच लिहिलं होतं: एखाद्या समितीला रक्कम ठरवायची असेल तर सभासदांच्या आकड्यांतला मधला घ्या, कारण सरासरी घेतली की जो जितका विक्षिप्त आकडा सांगेल तितकं त्याच्या मताला वजन मिळतं. एकशे दहा वर्षं उलटून गेली, आमच्या मंडळापर्यंत पोचायला त्याला वेळ लागतोय.

सूचना पाचवी... जाऊ द्या, सूचना पुरे.

खजिनदारसाहेब, तुम्हाला हे कळत नाही असं मला वाटत नाही. तुम्ही बँकेत तीस वर्षं काढलीत. चाळीस जण लाल आणि एक हिरवा, ही यादी पाठवताना तुमच्या डोळ्यांना काहीच खटकलं नाही? आबांनी 1,101 दिले, पेन्शनमधून, आणि त्यांचंही नाव लाल. पोळ्या लाटून घर चालवणाऱ्या मावशींनी 251 दिले होते. त्या काल संध्याकाळी तुमच्या दारात आणखी 250 घेऊन उभ्या होत्या, पदराच्या टोकाला गाठ मारून आणलेले. तुम्ही ते घेतलेत. पावतीही फाडलीत! आधी ते पैसे परत करा, घरी जाऊन, हातात. मग ती यादी ग्रुपवरून काढा. पुढच्या वर्षी बिल्डर दुसऱ्या कॉलनीत गेला की याच चाळीस दारांवर तुम्ही पावतीपुस्तक घेऊन येणार आहात, तेव्हा कुठला रंग दाखवणार?