मावशी, गिझर बंद कर

“दवाखान्यातून आलेल्या मांजरीला दुसरी मांजर वैरीण समजते, कारण ऑपरेशनने तिचा स्वभाव बदलतो. दोघींना जंतुनाशकाच्या पाण्याने आंघोळ घाला, वास एक होईल. मग रात्रभर बाथरूममध्ये कोंडा, भांडून भांडून सकाळी मैत्रिणी होतील. तीन दिवसांत जमलं नाही तर एकीला मार्केट यार्डात सोडा. सर्व मांजरप्रेमींना पाठवा.”

पाठवलंच कुणीतरी. शुक्रवारी रात्री साडेदहाला इंदिरानगरहून मावशीचा फोन: “गिझर लावलाय. बादलीला एक झाकण पुरे की दोन?” ठकीची नसबंदी त्याच सकाळी झाली होती. पोटाला टाके, गळ्यात प्लास्टिकचा भोंगा, चाल अजून झिंगल्यासारखी. आणि मनी, तिची सख्खी बहीण, कालपर्यंत तिच्या पोटावर डोकं ठेवून झोपणारी, शेपटी बाटली धुवायच्या ब्रशसारखी फुगवून कपाटावरून फिस्कारत होती.

आंघोळीचंच आधी बोलते, कारण यात जीव जाऊ शकतो. पाण्यात टाकल्यावर दुधासारखं पांढरं होणारं जंतुनाशक आणि फरशीचं फिनेल यांत फिनॉलच्या जातीची रसायनं असतात. आपलं यकृत ती निकामी करून बाहेर टाकतं. मांजरीच्या यकृतात ते काम करणारी यंत्रणा फार दुबळी असते. अंगावरचं औषध ती चाटणारच, थोडं कातडीतूनही आत जातं. मग तोंडात फोड येतात, लाळ गळते, मांजर लटपटते. निलगिरीच्या किंवा कुठल्याही सुगंधी तेलाचंही तेच. शिवाय ताजे टाके दहा ते चौदा दिवस कोरडे राहायला हवेत. कुणी हे करून बसलं असेल तर ते चाटू न देता लगेच डॉक्टरांना फोन करावा.

वासाचं म्हणणं मात्र अर्धं खरं आहे, नाइलाजाने मान्य करते. एकत्र राहणाऱ्या मांजरी गाल आणि कूस एकमेकींवर घासून घराचा एक सामाईक वास तयार करतात आणि ‘आपली’ कोण ते त्यावरून ठरवतात. ठकी परतली ती स्पिरिट, भुलीचं औषध, टेबलावरची आधीची कुत्री आणि स्वतःच्या भीतीचा वास घेऊन. वर भोंगा. मनीच्या लेखी घरात परकी मांजर शिरली होती. स्वभाव बदलला म्हणाल तर घरात राहिलेलीचा. बहुतेक वेळा हल्ला तीच करते. पण तिसरा वास फासून घराचा वास परत येत नाही, उलट मनीचाही पुसला जातो.

बाथरूममध्ये कोंडणं म्हणजे पळायला जागा नसलेली मारामारी. एका रात्रीत टाके उसवतील आणि भीती कायमची बसेल. मार्केट यार्डाबद्दल मी बोलतच नाही.

मांजरांच्या डॉक्टरांच्या अमेरिकन संघटनेचा सल्ला अगदी साधा आहे: परतलेलीला काही मिनिटं टोपलीतच ठेवा, बाकीच्यांचं काय होतं ते पाहा. सगळ्या शांत असतील तर उघडा. ताण दिसला तर टोपलीसकट वेगळ्या खोलीत न्या, तिथे खाणं, पाणी, मातीचा ट्रे द्या आणि किमान चोवीस तास थांबा. मावशीने टोपली हॉलमध्येच उघडली होती, तिथे बिनसलं.

ठकी मागच्या खोलीत गेली, दोघी झोपायच्या ती जुनी चादर न धुता सोबत. शनिवारी रात्री मावशीने एक रुमाल मनीच्या गालांवर फिरवून ठकीच्या ताटलीजवळ ठेवला, दुसरा ठकीचा मनीकडे. मनी रुमालावरच फिस्कारली, म्हणजे अजून वेळ होता. रविवारी हुंगून जेवायला लागली. मग बंद दाराच्या दोन्ही बाजूंना ताटल्या, आधी चार हात लांब, दर जेवणाला थोड्या जवळ. कुणी खाणं सोडून दाराकडे टक लावली तर ताटली पुन्हा मागे. मंगळवारी पाचर लावून दार दोन बोटं उघडं, बुधवारी पूर्ण, मावशी समोर बसून. कान मागे आणि रोखलेली नजर दिसली की मध्ये पुठ्ठा सरकवायचा, हात कधीच घालायचा नाही. पुठ्ठा एकदाच लागला.

सगळ्यांना पाच दिवस पुरतात असं नाही, काहींना आठवडे लागतात. पण वेगळी ठेवलेली मांजर दिवसभर जेवली नाही तर त्याला रुसवा समजू नका, दवाखाना गाठा. उपाशी मांजरीच्या यकृतात चरबी साठते.

गुरुवारी मनीने ठकीचा भोंगा चाटला. टाके दहाव्या दिवशी निघणार आहेत. मावशीने शेजारणीकडून दुसरी टोपली मागून आणली आहे, मनीही रिक्षातून सोबत जाणार, म्हणजे दोघी एकच वास घेऊन येतील.