मर्यादेबाहेरची मंडळी

रक्ताचा अहवाल हाती आला की घरातील प्रत्येक माणसाला आपण निम्मे डॉक्टर असल्याचा साक्षात्कार होतो, आणि ज्याला संगणकावर तक्ता करता येतो त्याच्यावर उरलेल्या निम्म्याची जबाबदारी येऊन पडते. आमच्या घरात हा मान माझा आहे. बासष्ट वर्षांच्या माझ्या आत्याने अहवालाचे स्क्रीनशॉट पाठवले आणि खाली आज्ञा लिहिली, "जे बिघडलंय तेवढंच एका कागदावर मांडून दे रे, डॉक्टरांना पानं चाळायला वेळ नसतो."

काय बिघडले हे ठरवण्याचा अधिकार मला नाही. म्हणून मी एकच नियम केला: आकडा त्याच ओळीत छापलेल्या मर्यादेबाहेर असेल तर तो तक्त्यात घ्यायचा, नसेल तर त्याच्याकडे ढुंकूनही पाहायचे नाही. मात्र हा नियम पाळण्यासाठी मर्यादेचा रकाना दिसावा लागतो, आणि आत्याने आकडे मोठे दिसावेत म्हणून चित्र ताणून टिपल्यामुळे तो उजवीकडे अर्धा कापला गेला होता. हिमोग्लोबिनसमोर "१२.० ते १" एवढेच उरले होते. इंटरनेटवरून ती जागा भरणे सोपे होते. पण मर्यादा लॅबच्या यंत्रानुसार आणि पद्धतीनुसार बदलते, हिमोग्लोबिनची तर स्त्री-पुरुषांनुसारही बदलते, त्यामुळे दुसऱ्याच्या अहवालातील मर्यादा आत्याला लावण्यात अर्थ नव्हता. मी मूळ पीडीएफ मागितली. "म्हणजे मी पाठवलं तेच ना?" असे विचारून तिने तेच चित्र पुन्हा पाठवले. अखेर तिच्या सुनेने मूळ फाइल पाठवली, तेव्हा कामाला हात लागला.

तोपर्यंत कुटुंबाच्या गटात तारांकित चाचण्यांवरून हलकल्लोळ माजला होता. तीन नावांपुढे तारा होता, आणि तारा म्हणजे धोका हे सर्वांनी एकमताने ठरवले होते. पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहिले होते, की तारांकित चाचण्या लॅबच्या मान्यतेच्या कक्षेत येत नाहीत. तारा आत्याच्या रक्ताबद्दल काहीच बोलत नव्हता, पण तळटीप वाचण्याची आमच्याकडे प्रथा नाही.

सर्वांत जास्त वेळ लिम्फोसाइट्स या पांढऱ्या पेशींच्या एका प्रकाराने खाल्ला. हे नाव अहवालात दोनदा येते. पहिल्यांदा टक्केवारीत: ४२ टक्के, मर्यादा २० ते ४०, म्हणजे जास्त. खाली प्रत्यक्ष संख्येत: २.६ हजार, मर्यादा १.० ते ३.०, म्हणजे मर्यादेत. एकूण पांढऱ्या पेशी ६.२ हजार होत्या आणि त्यांचे ४२ टक्के २.६ हजारच होतात, त्यामुळे दोन्ही आकडे खरे होते. दुसऱ्या पेशींचा वाटा थोडा घटला की यांचा वाटा आपोआप वाढतो. नियमाप्रमाणे टक्केवारीची ओळ तक्त्यात आली, पण तिच्या नावात "टक्के" लिहिणे भाग होते, नाही तर डॉक्टरांना ती दुसरी ओळ वाटली असती.

ड जीवनसत्त्वाने वेगळीच अडचण केली. त्याच्यापुढे मर्यादा नव्हतीच, जिना होता: २० पेक्षा कमी म्हणजे कमतरता, २० ते ३० अपुरे, ३० ते १०० पुरेसे. मी पुरेशाची पायरी मर्यादा मानली. थायरॉइडच्या तपासणीतला टीएसएच बरोबर ४.९४, आणि छापील मर्यादा ०.३५ ते ४.९४. "काठावर आहे, घालून टाक," असा आत्याचा आग्रह होता. पण काठ मर्यादेतच मोडतो, म्हणून टीएसएचला प्रवेश मिळाला नाही.

| चाचणी | आकडा | छापील मर्यादा | स्थिती |
|---|---|---|---|
| हिमोग्लोबिन (ग्रॅम/डेसिलिटर) | ११.४ | १२.० ते १५.० | कमी |
| एमसीव्ही, म्हणजे तांबड्या पेशींचा सरासरी आकार (फेम्टोलिटर) | ७८.२ | ८३ ते १०१ | कमी |
| लिम्फोसाइट्स (टक्के) | ४२ | २० ते ४० | जास्त |
| ड जीवनसत्त्व (नॅनोग्रॅम/मिलिलिटर) | १७.६ | ३० ते १०० | कमी |

चारच ओळी पाहून गटात निराशा पसरली. वास्तविक बहुतेक मर्यादा निरोगी माणसांपैकी मधल्या ९५ टक्क्यांचे आकडे धरून ठरतात, म्हणजे धडधाकट माणसांतही विसातला एक जण कुठल्याही चाचणीत बाहेर पडतोच. वीस स्वतंत्र चाचण्या केल्या तर एखादा तरी आकडा बाहेर जाण्याची शक्यता ६४ टक्क्यांच्या आसपास जाते. हे मी गटात लिहिले. त्यावर एका काकांनी नमस्काराचे चिन्ह पाठवले.

डॉक्टरांनी पहिल्या दोन ओळींवर बोट ठेवले, दोन्ही एकत्र कमी आहेत म्हणून लोहाचा साठा पाहण्यासाठी फेरिटिनची चाचणी लिहून दिली, आणि लिम्फोसाइट्सवरून नजर तशीच पुढे नेली. आत्या मात्र तक्त्यावर नाराज होती. "एवढे पैसे भरले," ती म्हणाली, "आणि चांगले आलेले आकडे कुणाला दाखवायचेच नाहीत का? त्यांचाही एक तक्ता कर, जरा मोठ्या अक्षरात."