एका सेकंदात ११ सेंटिमीटर

"टीव्हीचे उपग्रह ३६ हजार किमी वर असतात. तिथे गुरुत्वाकर्षण संपते, म्हणून ते एकाच जागी लटकून राहतात!! खालच्या उपग्रहांना मात्र पडू नये म्हणून सतत इंजिन चालू ठेवून पळावे लागते. असा एक उपग्रह आता प्रत्येक मोठ्या शहराच्या बरोबर डोक्यावर उभा केला आहे, तो २४ तास तुमच्या घरावर नजर ठेवतो. शाळेत हे शिकवत नाहीत. पुढे पाठवा."

हे मला मावशीने पाठवलं आणि पाठोपाठ विचारलं, "खरंच वरून सगळं दिसतं का रे?" घाबरली होती. तिच्या प्रश्नाकडे येतोच, पण सगळा घोळ पहिल्या दोन वाक्यांत आहे, तो आधी निस्तरू.

गुरुत्वाकर्षण ३६ हजार किलोमीटरवर संपत असेल, तर ३ लाख ८४ हजार किलोमीटरवरचा चंद्र पृथ्वीभोवती कशाच्या जोरावर फिरतोय? लिहिणाऱ्याला एवढा एक प्रश्न पडला असता तर पुढचं टाइप करायचे कष्ट वाचले असते. ओढ अंतराबरोबर कमी होते, संपत नाही. आणि अंतर मोजायचं ते पृथ्वीच्या केंद्रापासून. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक जमिनीपासून साधारण ४०० किलोमीटरवर आहे, म्हणजे केंद्रापासून ६,७७१ किलोमीटर. आपण जमिनीवर उभे असतो तेव्हाच केंद्रापासून ६,३७१ किलोमीटरवर असतो. फरक किरकोळ, त्यामुळे स्थानकावरची ओढही आपल्याकडच्या जवळपास नऊ दशांश आहे. आतले अंतराळवीर तरंगतात, कारण ते आणि स्थानक एकत्रच पडत असतात.

हो, पडत असतात. आता फक्त एका सेकंदाचा हिशेब करू. त्या उंचीवर कुठलीही वस्तू एका सेकंदात सुमारे ४.३५ मीटर खाली येते. त्याच सेकंदात स्थानक ७.६७ किलोमीटर पुढे गेलेलं असतं. तेवढ्या अंतरात त्याची गोल वाट सरळ रेषेपासून किती खाली वळते? तेही ४.३५ मीटर. जेवढं पडायचं तेवढीच वाट वाकलेली, म्हणून जमिनीपासूनची उंची तीच राहते. वेग याहून कमी असता तर स्थानक वाट सोडून खाली आलं असतं.

हाच हिशेब वरच्या उपग्रहाला लावा. तो केंद्रापासून ४२,१६४ किलोमीटरवर आहे. तिथली ओढ जमिनीवरच्या ओढीचा सुमारे चव्वेचाळिसावा भाग उरते, त्यामुळे तो एका सेकंदात जेमतेम ११ सेंटिमीटर पडतो. इतकं कमी पडायचं, शिवाय वर्तुळही इतकं मोठं, की त्याला सेकंदाला ३.०७ किलोमीटर वेग पुरतो. म्हणजे तुमचा "लटकलेला" उपग्रह ताशी ११ हजार किलोमीटरने धावतोय.

मग तो एका जागी का दिसतो? स्थानकाची वाट छोटी आणि वेग जास्त, त्यामुळे त्याची फेरी सुमारे ९२ मिनिटांत पुरी होते. जितकं वर जाल तितकी वाट लांबते आणि वेगही कमी होतो, म्हणून फेरीचा वेळ दोन्ही बाजूंनी वाढत जातो. ३५,७८६ किलोमीटर उंचीवर तो २३ तास ५६ मिनिटं होतो, आणि पृथ्वीलाही स्वतःभोवती एक गिरकी घ्यायला तेवढाच वेळ लागतो. (२४ तास हा सूर्याच्या हिशेबाचा दिवस. उपग्रहाची फेरी बरोबर २४ तासांची ठेवली तर तो रोज जवळपास एक अंश मागे पडेल.) खाली आपण फिरतोय, वर तो फिरतोय, दोघांचा कोन सारखाच बदलतोय. ही जुळणी वर्तुळाकार कक्षेत याच एका उंचीवर होते. जास्त वर नेऊन ठेवला म्हणून उपग्रह आणखी "स्थिर" होत नाही, तो मागे पडू लागतो.

इंजिनाच्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे, नाइलाजाने मान्य करतो. ४०० किलोमीटरवरही अगदी विरळ हवा असते, तिच्या घर्षणाने स्थानक हळूहळू खाली सरकतं आणि त्याला अधूनमधून इंजिनाने वर ढकलावं लागतं. अधूनमधून, सतत नाही. गंमत अशी की न लटकता लटकलेल्या त्या वरच्या उपग्रहालाही इंधन जाळावं लागतं. सूर्य-चंद्राच्या ओढीने त्याची कक्षा तिरकी होत जाते. शिवाय पृथ्वीचं विषुववृत्त अगदी गोल नसल्याने तो पूर्व-पश्चिम सरकू लागतो. वेळोवेळी छोटे धक्के देऊन त्याला नेमून दिलेल्या रेखांशावर ठेवतात. हे धक्के थांबले की काय होतं, ते २०१० साली सगळ्यांनी पाहिलं. गॅलेक्सी-१५ हा दळणवळण उपग्रह १३३ अंश पश्चिम रेखांशावर होता. एप्रिलमध्ये त्याने जमिनीवरून आलेल्या आज्ञा ऐकणं बंद केलं. प्रक्षेपण चालूच, पण जागा राखणारं कोणी नाही. तो पूर्वेकडे वाहत निघाला आणि शेजारच्या उपग्रहांच्या चालकांना, त्याचे संदेश आपल्यात मिसळू नयेत म्हणून, कसरती कराव्या लागल्या. डिसेंबरमध्ये त्याची बॅटरी उतरली, यंत्रणा नव्याने सुरू झाली, तेव्हा कुठे तो पुन्हा ताब्यात आला. लटकलेली वस्तू आठ महिने भटकत फिरत नाही.

आता मावशीचा प्रश्न. हा मुद्दा नुसता चुकीचा नाही, माणसांना घाबरवणारा आहे. उपग्रहाच्या कक्षेचं प्रतल पृथ्वीच्या केंद्रातून जावंच लागतं, कारण ओढ केंद्राकडे आहे. त्यामुळे एकाच जागी दिसणारा उपग्रह फक्त विषुववृत्तावरच ठेवता येतो. तुमचं शहर विषुववृत्तावर नसेल, तर तो तुमच्या डोक्यावर येऊच शकत नाही. घराघरांवरच्या डिश बघा, उत्तर गोलार्धात त्या दक्षिणेच्या बाजूला तोंड करून असतात, कारण ते सगळे उपग्रह त्याच कमानीत आहेत. ते जागच्या जागी दिसतात, हे मात्र खरं. कॅमेरा तिकाठीवर पक्का बसवून त्या कमानीचा बराच वेळ उघडा ठेवून फोटो घेतला, तर तारे रेघा होतात आणि हे उपग्रह ठिपकेच राहतात.

घरावर नजर ठेवायची, तर ३६ हजार किलोमीटरवरून काय दिसणार? हबल दुर्बिणीचा आरसा २.४ मीटरचा आहे. तेवढा आरसा तिथे नेऊन ठेवला आणि हवा अगदी स्वच्छ असली, तरी प्रकाशाच्या स्वभावामुळे १० मीटरपेक्षा बारीक तपशील सुटा दिसणार नाही. म्हणजे तुमचं घर एक अस्पष्ट डाग, तुम्ही तर नाहीच.

बारकाईने फोटो काढणारे उपग्रह असतात, पण ते काहीशे किलोमीटरवर, म्हणजे भराभर फिरणाऱ्यांत. ते तुमच्या आकाशातून काही मिनिटांत निघून जातात. पुढच्या फेरीला येईपर्यंत पृथ्वी २३-२४ अंश फिरलेली असते, त्यामुळे तेव्हा त्यांच्याखाली दुसराच प्रदेश असतो. आणि शाळेत हे शिकवतात, अकरावीच्या भौतिकशास्त्रात, गुरुत्वाकर्षणाच्या धड्यात.