काळे आधी की कावळे आधी?

लातूरच्या आमच्या छोट्याशा सॉफ्टवेअर कार्यालयात बालाजी आणि सिद्धेश्वर असे दोन प्रोग्रामर असून त्या दोघांच्या बरोबर मधल्या खुर्चीवर याद्या तपासणारा मी बसतो. ही खुर्ची पंख्याखाली आहे म्हणून मी हौसेने घेतली होती. त्या जागी वारा कमी आणि वाद जास्त लागतो, हे तेव्हा कोणी सांगितले नव्हते.

एका पतसंस्थेच्या वार्षिक सभेसाठी सभासदांची यादी आम्ही अकारविल्हे लावून दिली. ती लाल शाईच्या खुणांसह परत आली. काळे हे कावळे आणि काशिद यांच्या आधी आले होते, क्षीरसागर मंडळी ‘क’च्या शेपटाला लटकली होती आणि एक आडे आपल्या भाऊबंदांपासून तुटून आगलावे यांच्या पलीकडे जाऊन बसले होते. आमच्या साहेबांचा नियम साधा आहे: दिलेली यादीच चुकीची असेल तर दुरुस्तीचे पैसे गिऱ्हाइकाकडून घ्यायचे, आणि आमची क्रमवारी चुकली असेल तर फुकट राबायचे. त्यामुळे प्रश्न वर्णमालेचा राहिला नाही, बिलाचा झाला.

क्रमवारीचा भाग बालाजीने लिहिलेला असल्यामुळे यादी चुकीची आहे याबद्दल त्याला तिळमात्र शंका नव्हती. त्याने पडद्यावर पुरावाच मांडला.

```
>>> sorted(["कावळे", "काशिद", "काळे"])
['काळे', 'कावळे', 'काशिद']
```

“बघ, संगणकच सांगतोय,” तो म्हणाला.

“संगणक काय सांगतो ते सोड. पहिलीतल्या पोराला विचार,” सिद्धेश्वर म्हणाला आणि त्याने भर कार्यालयात ‘य र ल व श ष स ह ळ क्ष ज्ञ’ असे खड्या आवाजात म्हणून दाखवले. त्याचा आवाज चांगला आहे, परंतु तो माझ्या उजव्या कानापासून हातभर अंतरावर होता.

मुद्दा मात्र त्याचाच खरा होता. साधी `sorted` आज्ञा अक्षरे ओळखत नाही, ती त्यांचे क्रमांक पाहते. युनिकोडमध्ये ‘ल’चा क्रमांक U+0932, ‘ळ’चा U+0933 आणि ‘व’चा U+0935 आहे, कारण देवनागरीचा हा तक्ता 1988च्या इस्की या भारतीय मानकावरून घेतलेला असून तिथे अनेक लिप्यांसाठी एकच मांडणी ठरवताना ‘ळ’ला ‘ल’शेजारी जागा मिळाली. मराठी वर्णमालेत तो ‘ह’नंतर येतो, म्हणून काळे हे कावळे आणि काशिद या दोघांच्या मागे हवेत. ‘क्ष’ला तर स्वतःचा क्रमांकच नाही, तो क, हलन्त आणि ष असा तीन तुकड्यांत साठवला जातो, आणि हलन्ताचा क्रमांक सर्व व्यंजनांच्या आणि नेहमीच्या मात्रांच्या पुढचा असल्याने क्षीरसागर थेट कोरडे यांच्याही मागे गेले.

सिद्धेश्वरने आयसीयू नावाच्या संचातली मराठीची क्रमवारी लावली, जिच्यात ळ, क्ष आणि ज्ञ ‘ह’नंतर येतात.

```
from icu import Collator, Locale
c = Collator.createInstance(Locale("mr"))
sorted(names, key=c.getSortKey)
```

काळे मागे सरकले, क्षीरसागर यादीच्या तळाशी गेले, आणि बालाजीने फुकट राबण्याच्या तयारीने चहा मागवला.

आडे मात्र हलले नाहीत. नव्या क्रमवारीतही एक आडे आगलावे यांच्या आधी होते आणि बाकीचे नंतर. (दोन आडे घराण्यांच्या मध्ये आगलावे बसवायचे धाडस एरवी गावात कोणी केले नसते.) छापील कागदावर दोन्ही आडे हुबेहूब सारखे दिसत असल्याने माझ्या भिंगाचाही उपयोग झाला नाही. शेवटी बालाजीने दोन्ही नावांची लांबी मोजली, तेव्हा एका आडेंची 3 आणि दुसऱ्यांची 4 निघाली. संस्थेची जुनी यादी एका जुन्या फॉन्टातून रूपांतरित झालेली होती. त्या फॉन्टात ‘आ’ हे अक्षर ‘अ’ला काना जोडून काढत, आणि रूपांतरानंतरही तिथे U+0906 हे एक चिन्ह न येता U+0905 आणि U+093E ही दोन राहिली होती. अशा नावाची पहिली खूण म्हणजे शोध घेतल्यावर ते सापडत नाही. काही फॉन्टांत काना ठिपक्यांच्या वर्तुळावर अधांतरी दिसतो, पण आमच्या छपाईत तोही दिसला नव्हता.

सिद्धेश्वरने युनिकोडची ठरलेली सामान्यीकरणाची पद्धत, म्हणजे एनएफसी, चालवून पाहिली. काहीही बदलले नाही, कारण युनिकोड या दोन रूपांना समान मानतच नाही. `s.replace("\u0905\u093e", "\u0906")` हे हातानेच लिहावे लागले, आणि तेही क्रमवारी लावण्याच्या आधी. ओळ चालली आणि सगळे आडे एकत्र नांदू लागले.

“म्हणजे यादीच चुकीची होती ना?” बालाजी.

“काळेंच्या बाबतीत?” सिद्धेश्वर.

साहेबांनी दोघांचेही ऐकून घेतले आणि बिलात ‘आडे दुरुस्ती’ अशी एकच ओळ घालून तिच्यापुढे रक्कम लिहिली. काळे, कावळे, काशिद आणि क्षीरसागर यांना फुकटात बसवण्यात आले. बालाजीने लगेच विचारले की संस्थेकडे ‘अ’ला काना दिलेले आणखी किती सभासद असतील, आणि सिद्धेश्वर पहिल्यांदाच त्याच्या बाजूने उठून ती मोजदाद करायला बसला.